एबीसी वर्गीकरण आणि ८० टक्क्यांची सीमारेषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या वह्या-स्टेशनरीच्या दुकानांसाठी मी मालसाठ्याचे हिशेब बघतो. संचित वाट्याचा आलेख दुकानदारासमोर ठेवला की जे प्रश्न हमखास येतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. सर्व प्रश्नांसाठी एकाच दुकानाचे उदाहरण घेतले आहे. त्यातले आकडे हिशेब तोंडी करता यावा म्हणून गोल केलेले आहेत.

एबीसी वर्गीकरण म्हणजे नेमके काय?

दुकानातला सगळा माल वर्षभराच्या विक्रीच्या रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावायचा, वरून खाली येत प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंतची बेरीज एकूण विक्रीच्या किती टक्के झाली ते लिहायचे, आणि त्या टक्केवारीवर दोन ठिकाणी रेषा मारून मालाचे तीन वर्ग पाडायचे, एवढीच ही पद्धत आहे. ‘आतापर्यंतची टक्केवारी’ म्हणजेच संचित वाटा. पहिली रेषा बहुधा ८० टक्क्यांवर आणि दुसरी ९५ टक्क्यांवर असते. पहिल्या रेषेपर्यंतचा माल ए, दोन रेषांमधला बी आणि उरलेला सी.

येथे एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. वर्ग हा मालाचा अंगचा गुण नाही. एखादी कंपासपेटी ए वर्गात आहे की बी वर्गात, हे तिच्या स्वतःच्या विक्रीइतकेच तिच्या वर कोण बसले आहे यावरही ठरते. पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीत आहेत.

उदाहरण घेऊन दाखवता येईल का?

पेठेतले एक मध्यम दुकान घेऊ. त्याची एप्रिल ते मार्च या वर्षातली, परत आलेला माल आणि जीएसटी वजा करून उरलेली विक्री ४० लाख रुपये आहे. बारा प्रकारचा माल पुढीलप्रमाणे आहे.

| क्र. | माल | विक्री (रु.) | वाटा % | संचित वाटा % |
|---|---|---|---|---|
| १ | २०० पानी वही | १२,८०,००० | ३२.० | ३२.० |
| २ | १०० पानी वही | ७,२०,००० | १८.० | ५०.० |
| ३ | ए-फोर कागदाचे रिम | ५,६०,००० | १४.० | ६४.० |
| ४ | बॉलपेन | ३,६०,००० | ९.० | ७३.० |
| ५ | मिनी ड्राफ्टर | ३,२०,००० | ८.० | ८१.० |
| ६ | कंपासपेटी | २,००,००० | ५.० | ८६.० |
| ७ | प्रॅक्टिकल जर्नल | १,६०,००० | ४.० | ९०.० |
| ८ | रंगपेटी | १,२०,००० | ३.० | ९३.० |
| ९ | वह्यांची कव्हरे | १,००,००० | २.५ | ९५.५ |
| १० | पेन्सिल | ८०,००० | २.० | ९७.५ |
| ११ | आलेख कागद | ६०,००० | १.५ | ९९.० |
| १२ | कोरे नकाशे | ४०,००० | १.० | १००.० |

शेवटचा स्तंभ कसा आला ते एकदा हाताने करून पाहावे. पहिल्या दोन वह्यांची बेरीज २० लाख, म्हणजे ४० लाखांच्या निम्मी, म्हणून दुसऱ्या ओळीत ५० टक्के. कागदाचे ५ लाख ६० हजार मिळवले की २५ लाख ६० हजार होतात, म्हणजे ६४ टक्के. असे करत शेवटच्या ओळीत बरोबर १०० यायलाच हवेत.

हा आलेख वाचायचा कसा?

आडव्या अक्षावर माल असतो, डावीकडे सर्वांत जास्त विकला जाणारा आणि उजवीकडे सर्वांत कमी. प्रत्येक मालाचा उभा स्तंभ त्याची विक्री दाखवतो आणि त्या स्तंभांच्या वरून जाणारी वक्ररेषा संचित वाटा दाखवते. ती डावीकडे भराभर चढते आणि उजवीकडे सपाट होत जाते. ८० आणि ९५ या उंचीवर दोन आडव्या सीमारेषा असतात. वक्र जिथे ८० ची रेषा छेदतो तिथून सरळ खाली आडव्या अक्षावर उतरावे. त्या बिंदूच्या डावीकडचा माल तो ए वर्ग. ९५ च्या रेषेबाबतही तसेच करून बी आणि सी यांची सीमा मिळते.

पाहणाऱ्याची नजर साहजिकच उंच स्तंभांकडे जाते. मी मात्र आधी वक्राचा चढ बघायला सांगतो. तो सुरुवातीला जितका उभा, तितकी विक्री थोड्या मालावर एकवटलेली. सर्व मालाची विक्री सारखीच असती तर वक्राऐवजी डाव्या तळापासून उजव्या माथ्यापर्यंत सरळ तिरकी रेघ आली असती. तुमचा वक्र त्या रेघेला जवळजवळ चिकटून जात असेल, तर वर्ग पाडता येतील खरे, पण ए वर्गातला शेवटचा आणि बी वर्गातला पहिला माल यांच्यात सांगण्यासारखा फरक नसेल, आणि अशा दुकानाने ही पद्धत बाजूला ठेवलेली बरी.

८० ची रेषा एका मालाच्या मधूनच जाते. तो माल ए वर्गात धरायचा की बी वर्गात?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तो योग्यच आहे, कारण रेषा बरोबर एखाद्या मालाच्या शेवटी येऊन थांबणे हा निव्वळ योगायोग असतो. आपल्या उदाहरणात बॉलपेनपर्यंत ७३ टक्के होतात आणि मिनी ड्राफ्टर मिळवला की एकदम ८१. म्हणजे ड्राफ्टरचे ८ टक्के ७३ पासून ८१ पर्यंत पसरलेले आहेत आणि ८० ची रेषा त्यांना कापून जाते.

येथे दोन नियम प्रचलित आहेत. पहिला नियम असा की मालासह मोजलेला संचित वाटा ८० किंवा त्याहून कमी असेल तरच तो ए. या नियमाने ड्राफ्टर बी वर्गात जातो, ए वर्गात चारच माल उरतात आणि त्यांची विक्री ७३ टक्के भरते. दुसरा नियम असा की मालाच्या आधीपर्यंतचा संचित वाटा ८० पेक्षा कमी असेल तर तो माल ए, म्हणजेच रेषा ओलांडून नेणारा माल ए वर्गातच राहतो. या नियमाने ए वर्गात पाच माल येतात आणि विक्री ८१ टक्के होते. ९५ च्या रेषेवरही हेच घडते. तिथे वह्यांची कव्हरे ९३ पासून ९५.५ पर्यंत जातात, म्हणून पहिल्या नियमाने ती सी आणि दुसऱ्याने बी.

मी दुसरा नियम वापरतो, आणि त्याला कारण आहे. ‘ए वर्गावर लक्ष ठेवले की ८० टक्के विक्रीवर लक्ष राहते’ असे आपण म्हणतो. पहिल्या नियमाने ते वचन पाळले जात नाही, कारण त्याने मिळणारा ए वर्ग नेहमी ८० च्या आत राहतो, आणि कडेचा माल मोठा असेल तर बराच आत. टोकाचे उदाहरण घ्यायचे तर एकाच मालाची विक्री ८५ टक्के असलेल्या दुकानात पहिल्या नियमाने ए वर्ग रिकामाच राहील आणि दुकान ज्या मालावर चालते तो बी वर्गात जाऊन बसेल. दुसऱ्या नियमात असा विपर्यास होत नाही.

तुम्ही कोणताही नियम घ्या, पण तो आलेखाखाली एका वाक्यात लिहून ठेवा. मागच्या वर्षीचा तक्ता एकाने पहिल्या नियमाने केला आणि यंदाचा दुसऱ्याने दुसऱ्या नियमाने, तर ड्राफ्टरची ‘बढती’ झालेली दिसेल आणि त्याच्या विक्रीत एका रुपयाचाही बदल झालेला नसेल.

सीमारेषा ८० आणि ९५ वरच का?

हा संकेत आहे, सिद्धांत नव्हे. ७० आणि ९० अशा रेषाही सर्रास वापरल्या जातात. ए, बी, सी हे तीन वर्ग मालसाठ्यासाठी १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी मांडले. त्यामागची ‘थोड्यांकडे पुष्कळ’ ही कल्पना इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो परेटो यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ते नाव तिला जोसेफ जुरान यांनी दिले. संचित वाट्याचा वक्र मात्र अमेरिकेतल्या मॅक्स लोरेंझ यांनी १९०५ मध्ये मांडला होता, आणि त्या वक्राला परेटोंचे नाव देण्यात आपली चूक झाली हे जुरान यांनी पुढे १९७५ मध्ये स्वतःच लिहून मान्य केले.

रेषा कुठे मारायची हे ठरवताना मी दुकानदाराला एक व्यावहारिक प्रश्न विचारतो, की दर महिन्याला तुम्ही किती प्रकारच्या मालाची गठ्ठे उघडून मोजणी करू शकता? उत्तर ‘पंधरा’ असेल आणि ८० च्या रेषेने ए वर्गात चाळीस माल येत असतील, तर रेषा ७० वर आणणे शहाणपणाचे.

८० टक्के विक्री २० टक्के मालातून येते असे ऐकले होते. आमच्याकडे तसे दिसत नाही. आमचा हिशेब चुकला का?

नाही. आपल्या उदाहरणात १२ पैकी ५ माल, म्हणजे सुमारे ४२ टक्के माल, ८१ टक्के विक्री देतो. माल मोजका असला की असेच होते. ८० आणि २० हे एकाच गोष्टीचे दोन तुकडे नाहीत, एक टक्केवारी उभ्या अक्षावरची आहे आणि दुसरी आडव्या अक्षावरची. त्यांची बेरीज १०० यायलाच हवी असे काही नाही. ८० ची रेषा आपण ठरवतो, तिच्याखाली आडव्या अक्षावर किती टक्के माल येतो ते आलेख सांगतो. तो आकडा आधी गृहीत धरू नये.

एक्सेलमध्ये सूत्र कसे लिहायचे?

`A` स्तंभात मालाचे नाव आणि `B` स्तंभात विक्री असू द्या. विक्री उतरत्या क्रमाने लावून घेतली की `C2` मध्ये संचित वाट्याचे सूत्र लिहून खाली ओढावे.

```
=SUM($B$2:B2)/SUM($B$2:$B$13)
```

डॉलरची चिन्हे नीट पाहून लिहावीत. पहिल्या `$B$2` ला ती हवीत आणि दुसऱ्या `B2` ला नकोत, म्हणजे खाली ओढताना बेरजेची सुरुवात जागेवर राहते आणि शेवट सरकतो.

हे सूत्र ओळींच्या क्रमावर अवलंबून आहे. कोणी मध्येच नावांच्या अकारविल्हे यादी लावली, तर आकडे चुकीचे होतील आणि एक्सेल काहीही तक्रार करणार नाही. म्हणून वर्ग ठरवण्याचे सूत्र मी क्रमावर टाकत नाही. ‘माझ्यापेक्षा जास्त विक्रीचा जितका माल आहे, त्याची बेरीज एकूण विक्रीच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी आहे का’ एवढेच ते विचारते, आणि हाच वर सांगितलेला दुसरा नियम आहे.

```
=IF(SUMIF($B$2:$B$13,">"&B2)<0.8*SUM($B$2:$B$13),"A",
 IF(SUMIF($B$2:$B$13,">"&B2)<0.95*SUM($B$2:$B$13),"B","C"))
```

याचा आणखी एक फायदा आहे. दोन मालांची विक्री अगदी सारखी असेल, तर दोघांनाही एकच वर्ग मिळतो, वर कोण लिहिला आणि खाली कोण यावरून त्यांच्यात भेद होत नाही.

आलेखात सीमारेषा कशा आणायच्या?

एक्सेल २०१६ पासून `Pareto` नावाचा तयार आलेख मिळतो. तो क्षणात होतो, पण त्यात दुसऱ्या प्रकारची मालिका मिसळता येत नाही, त्यामुळे सीमारेषा टाकता येत नाहीत. म्हणून `Combo` प्रकार निवडावा. तक्त्यात दोन जादा स्तंभ करून एकात सगळीकडे ०.८ आणि दुसऱ्यात सगळीकडे ०.९५ भरावे. विक्रीला स्तंभालेख द्यावा, संचित वाटा आणि हे दोन स्थिर स्तंभ यांना रेषालेख देऊन तिन्हींसाठी `Secondary Axis` वर खूण करावी. स्थिर आकड्यांच्या आडव्या रेघा याच तुमच्या सीमारेषा.

यानंतर एक काम हमखास राहून जाते. उजव्या अक्षाची कमाल मर्यादा एक्सेल पुष्कळदा १२० टक्के ठेवतो, ती स्वतः १०० करावी. शक्य असेल तर डाव्या अक्षाची कमाल मर्यादा एकूण विक्रीइतकी, म्हणजे येथे ४० लाख, करावी. मग दोन्ही अक्षांचे माप एक होते आणि वक्राचा पहिला बिंदू पहिल्या स्तंभाच्या बरोबर माथ्याच्या उंचीवर येतो. तसे झाले नाही तर कुठेतरी चूक आहे हे डोळ्यांनीच कळते.

माल शेकड्यांनी असेल तर स्तंभ केसांइतके बारीक होतात आणि नावे वाचता येत नाहीत. तेव्हा स्तंभ सोडून द्यावेत, आडव्या अक्षावर मालाचा क्रमांक भागिले मालाची एकूण संख्या घ्यावी आणि फक्त वक्र व सीमारेषा ठेवाव्यात.

निळे, काळे, लाल पेन वेगळे धरायचे की एकत्र?

ज्या पातळीवर तुम्ही मागणी नोंदवता, त्या पातळीवर धरावे. घाऊक व्यापाऱ्याकडे निळ्या पेनांचे खोके वेगळे मागवत असाल तर निळे पेन हा स्वतंत्र माल.

यातून काय घडते ते पाहण्यासारखे आहे. समजा पेनांच्या ३ लाख ६० हजारांपैकी निळ्यांची विक्री २ लाख ५२ हजार, काळ्यांची ७२ हजार आणि लालांची ३६ हजार आहे. वेगळे केले की निळा पेन ६.३ टक्क्यांचा उरतो आणि ८ टक्क्यांचा ड्राफ्टर त्याच्या वर सरकतो. आता कागदापर्यंत ६४, ड्राफ्टरसह ७२, निळ्या पेनासह ७८.३ आणि त्यापुढे कंपासपेटीसह ८३.३. कंपासपेटीच्या आधीचा वाटा ८० पेक्षा कमी, म्हणून ती ए वर्गात आली. कंपासपेट्या पूर्वीइतक्याच विकल्या गेल्या आहेत, फाटे पेनांना फुटले आणि वर्ग कंपासपेटीचा बदलला.

उलट चूक नावांच्या गोंधळातून होते. एका दुकानात मला आलेखातला पहिला स्तंभ १०० पानी वहीचा दिसला. मी तो तसाच मालकांसमोर ठेवला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, हे शक्यच नाही. जूनमध्ये २०० पानीचे गठ्ठे उतरवता उतरवता पोरांचे हात भरून येतात.” शोधल्यावर बिलांमध्ये एकच वही ‘वही २०० पानी’, ‘२०० पा. वही’ आणि ‘लाँग बुक २००’ अशा तीन नावांनी सापडली, कारण गल्ल्यावर तिघे जण आपापल्या सवयीने नोंद करत होते. ३२ टक्क्यांचा माल १६, १० आणि ६ अशा तुकड्यांत विभागला गेला होता, आणि त्यातला मोठा तुकडाही १०० पानीच्या १८ टक्क्यांखाली गेला होता. आलेख करण्याआधी नावांची यादी वाचून घ्यायला मी शिकलो तो त्या दिवशी. आलेख करून देण्याआधी ती वाचणे माझेच काम होते.

किती महिन्यांची विक्री घ्यावी?

वह्या-स्टेशनरीसाठी सलग बारा महिने, त्याहून कमी नाही. पुण्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि वह्यांची विक्री त्या आगेमागे उसळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे पेन आणि जर्नल पुढे येतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की ड्राफ्टर विकले जातात आणि काही आठवड्यांत त्यांची मागणी संपते.

आपल्या दुकानात फक्त जानेवारी ते मार्चचा आलेख केला तर त्यात ड्राफ्टर एकही विकलेला नसेल आणि तो सी वर्गाच्या तळाशी दिसेल. वर्षाच्या आलेखात तोच ए वर्गात आहे. दोन्ही आलेख आपापल्या जागी खरे आहेत, पण पुढच्या हंगामाची मागणी किती नोंदवायची हे पहिल्या आलेखावरून ठरवले तर मुले ड्राफ्टर मागायला येतील आणि फळीवर एकही नसेल.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्षाच्या आलेखात ड्राफ्टर आणि बॉलपेन शेजारी-शेजारी बसतात, कारण संचित वाट्याला विक्री किती झाली तेवढेच कळते, ती रोज थोडी-थोडी झाली की सहा आठवड्यांत झाली हे कळत नाही. म्हणून ए वर्गातल्या प्रत्येक मालासमोर मी महिनावार विक्रीची एक ओळ वेगळी ठेवतो. पेनांचा साठा वर्षभर पाहावा लागतो, ड्राफ्टरचा साठा हंगामापुरता पाहावा आणि हंगाम सरत आला की नवी मागणी थांबवावी.

जानेवारीत नव्याने ठेवलेल्या मालाची तीन महिन्यांची विक्री चारने गुणून वर्षाची करू नये. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत तो ‘नवा’ अशी खूण करून वर्गांच्या बाहेर ठेवावा.

विक्री जीएसटीसह घ्यावी की जीएसटी वगळून?

वगळून. कर आपला नसतो हे तर आहेच, पण याहून नेमके कारण असे की २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या आणि पेन्सिलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्य झाला. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे महिने असलेला वर्षाचा आलेख करासह केला, तर वहीची विक्री सप्टेंबरनंतर घसरलेली दिसेल, आणि त्या घसरणीतला काही भाग निव्वळ कर कमी झाल्याचा असेल.

ग्राहकांनी परत केलेल्या मालाचे काय करायचे?

मूळ विक्रीतून वजा करायचे. अडचण तेव्हा येते, जेव्हा विक्री मार्चमध्ये आणि परतावा एप्रिलमध्ये असतो. एखाद्या क्लासने मार्चमध्ये घेतलेल्या फाइली एप्रिलमध्ये परत केल्या आणि नव्या वर्षात त्या पुन्हा विकल्या गेल्याच नाहीत, तर त्या मालाची नव्या वर्षाची विक्री उणे २० हजार दिसेल. बाकी सर्वांची बेरीज ४० लाख, पण एकूण ३९ लाख ८० हजार. मग वक्र शेवटच्या मालाआधीच १००.५ टक्क्यांवर चढतो आणि शेवटी खाली वळून १०० ला येतो. आलेखात वक्र १०० च्या वर जाऊन शेवटी खाली वळलेला दिसला की उणे विक्रीचा माल शोधावा. परतावा ज्या महिन्यातल्या विक्रीचा आहे त्या महिन्यात धरला की प्रश्न सुटतो.

जो माल विकलाच गेला नाही, तो आलेखात कुठे दिसतो?

बहुतेक वेळा कुठेच दिसत नाही, आणि ही या आलेखातली सर्वांत महागात पडणारी उणीव आहे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून ‘मालनिहाय विक्री’ काढली की त्यात बिल झालेलाच माल येतो. वर्षभर फळीवर धूळ खात असलेल्या जुन्या डायऱ्यांचे बिल झालेले नसते, म्हणून त्या यादीतच नसतात. पैसे मात्र त्यांत अडकलेले असतात. शिवाय आडव्या अक्षावरची मालाची संख्या कमी धरली जाते, त्यामुळे ‘इतके टक्के माल ए वर्गात’ हा आकडाही फुगतो.

म्हणून सुरुवात विक्रीच्या यादीपासून न करता साठ्याच्या पूर्ण यादीपासून करावी, आणि प्रत्येक मालासमोर त्याची विक्री ओढून आणावी. `Sales` नावाच्या पानावर `A` स्तंभात नाव आणि `C` स्तंभात रक्कम असेल तर सूत्र असे होईल.

```
=SUMIFS(Sales!$C:$C,Sales!$A:$A,A2)
```

ज्यांच्यासमोर शून्य येईल त्यांना सूत्र सी वर्ग देईल, पण मी त्यांची वेगळी यादी करतो. वर्षाला ४० हजारांचे नकाशे आणि एकही न विकली गेलेली डायरी यांना एका अक्षरात बसवणे बरोबर नाही.

सी वर्गातला माल बंद करावा का?

केवळ या आलेखावरून नक्कीच नाही. जून महिन्यात पालक शाळेची यादी घेऊन येतात. “काका, यादीतलं सगळं आहे ना तुमच्याकडे? नाहीतर परत दुसरीकडे रांग लावावी लागते,” हे वाक्य त्या दिवसांत दर पाच मिनिटांनी कानावर येते. यादीत बारा वह्या, कव्हरे, कंपासपेटी आणि तळाशी दहा कोरे नकाशे व आलेख कागद असतात. नकाशे नाहीत म्हटल्यावर काही पालक बाकीचे घेतात, काही यादी घडी करून पुढच्या दुकानात जातात, आणि त्यांच्याबरोबर वह्यांची विक्रीही जाते. आलेखात हे नुकसान नकाशांच्या नावावर लागत नाही, ते वहीच्या स्तंभात गुपचूप कमी होते.

एखाद्या सी मालाबाबत शंका असेल तर तो असलेली बिले काढून त्यांतला बाकीचा माल पाहावा. नकाशांच्या बहुतेक बिलांत वह्याही असतील, तर नकाशे ठेवावेत, उलट वर्षाचे एकदम मागवून निश्चिंत व्हावे, कारण त्यांत पैसे थोडेच अडकतात. सी वर्गाचा खरा उपयोग हा की त्याची मोजणी वर्षातून एक-दोनदा करून भागते आणि तो वेळ ए वर्गाच्या महिनावार मोजणीला मिळतो.

कागदाचा रिम ए वर्गात आहे, पण त्यात नफा जेमतेम आहे. मग तो ए कसा?

विक्रीच्या वाट्याने तो ए आहे, कारण मोठी रक्कम त्यातून फिरते आणि साठ्यातली चूक तिथे महाग पडते. नफ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी `B` स्तंभात विक्रीऐवजी नफा घालून दुसरा आलेख करावा. दोन्ही मापे एका आलेखात मिसळू नयेत.

दरवर्षी काही मालाचे वर्ग इकडून तिकडे होतात. तेही दरवेळी बदलायचे का?

रेषेच्या अगदी जवळचा माल असा हेलकावे खातोच. कव्हरांच्या आधीचा वाटा यंदा ९३ आहे, पुढच्या वर्षी ९५.२ झाला तर ती सी होतील, त्यापुढच्या वर्षी पुन्हा बी. दरवेळी फळी, मोजणीचे वेळापत्रक आणि मागणीचे प्रमाण बदलण्यात अर्थ नाही. मालाच्या आधीपर्यंतचा वाटा रेषेच्या पलीकडे किमान दोन टक्के गेला, किंवा सलग दोन वर्षे पलीकडे राहिला, तरच वर्ग बदलावा असा नियम मी पाळतो. दोन टक्के हा माझ्या अनुभवातला आकडा आहे, मोठ्या यादीला एक टक्काही पुरेल.

आलेख चुकला आहे हे चटकन कसे ओळखावे?

वक्राचा शेवटचा बिंदू बरोबर १०० वर आहे का ते पाहावे. ९८ किंवा ९९ वर थांबला असेल तर आलेखाच्या पट्ट्यातून खालच्या काही ओळी सुटल्या आहेत. १०० च्या वर जाऊन थांबला असेल तर बहुधा नवा माल तक्त्याच्या खाली जोडला गेला आणि सूत्रातले `$B$13` तसेच राहिले. त्यानंतर चढ पाहावा. डावीकडून उजवीकडे जाताना वक्राचा चढ प्रत्येक पावलाला कमी व्हायला हवा किंवा फार तर तेवढाच राहायला हवा. मध्येच तो पुन्हा उभा झालेला दिसला, तर त्या जागी मोठ्या विक्रीचा माल लहानाच्या खाली आहे, म्हणजे यादी उतरत्या क्रमाने लावलेली नाही. शेवटी पहिल्या तीन स्तंभांची नावे गल्ल्यावर बसणाऱ्याला वाचून दाखवावीत. आकड्यांतून निसटलेली नावांची चूक बहुधा तिथे सापडते.